विश्वास आहे, चावी देत नाही

गेल्या वर्षी जूनमधल्या एका दुपारी माझी भाची घरी आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. इथे साताऱ्यातच एका शाळेत ती समुपदेशक आहे. चहा होईपर्यंत तिने इकडचे-तिकडचे विषय काढले आणि मग मुद्द्यावर आली. "मामा, तुम्ही संवाद चांगले लिहिता, असं लोक म्हणतात." लोक म्हणतात, ती स्वतः म्हणत नाही, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

आठवीच्या वर्गासाठी तिला छोटे छोटे प्रसंग लिहून हवे होते. मित्रांनी भरीला घातले तर नाही कसे म्हणायचे, याची मुलांकडून तालीम करून घ्यायची, अशी तिची योजना होती. तिच्याजवळ आधीची एक संहिता होती, ती मी वाचली. राजू विजयला म्हणतो, "घे, सिगारेट ओढ." विजय म्हणतो, "नाही! सिगारेट आरोग्यास अत्यंत घातक आहे." त्यावर राजू म्हणतो, "मित्रा, तू माझे डोळे उघडलेस." पडदा. तीन वाक्यांत हृदयपरिवर्तन घडवण्याची सोय मला तीस वर्षांत एकाही कादंबरीत मिळाली नाही, असे मी म्हणालो. भाची हसली नाही. "म्हणूनच तुमच्याकडे आलेय. मागच्या वर्षी मुलांनी हे झकास करून दाखवलं, टाळ्या पडल्या, आणि त्यातला विजय झालेला मुलगा दिवाळीत मावा खाताना सापडला."

मी होकार दिला. त्याचे कारण मात्र संवादलेखनाशी संबंधित नव्हते. ते १९८७ सालचे होते.

त्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. बँकेची तिजोरी एका माणसाला उघडता येत नाही, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. दोन चाव्या असतात, एक हेड कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, ही जॉइंट कस्टडी. आमचा कॅशियर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, गप्पिष्ट, सगळ्यांच्या मदतीला धावणारा माणूस. एका शनिवारी मला सासुरवाडीला जायचे होते आणि एस.टी.ला पंचवीस मिनिटे उरली होती. रोकड अजून जुळायची होती. कॅशियर म्हणाला, "साहेब, चावी ठेवून जा. मी बंद करतो. सोमवारी सकाळी घ्या." मी घुटमळलो. शेजारच्या टेबलांवरचे दोघे आमच्याकडे बघत होते. त्यातला एक हसून म्हणाला, "का हो साहेब, विश्वास नाही वाटतं?"

मी चावी दिली.

त्या सोमवारी काहीही झाले नाही. म्हणूनच पुढच्या महिन्यात पुन्हा दिली, आणि त्यानंतर देणे अंगवळणी पडले. चार महिन्यांनी अचानक तपासणी झाली, तेव्हा बंडलांमध्ये चौदा हजार रुपये कमी निघाले. पैसे मी घेतले नव्हते, हे चौकशीत मान्य झाले. पण चावी माझ्या नावावर होती, तेव्हा माझी वेतनवाढ दोन वर्षे रोखली गेली. ते योग्यच होते. मला पैशांपेक्षा जास्त छळले ते त्या प्रश्नाने. "विश्वास नाही वाटतं?" याला "आहे" म्हटले की चावी द्यावी लागते आणि "नाही" म्हटले की माणूस तुटतो. अठ्ठावीस वर्षांचा पदवीधर अधिकारी असून त्या क्षणी मला तिसरे उत्तर सुचले नाही.

ते उत्तर मला दोन वर्षांनी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात मिळाले. तिथे 'रोल प्ले' नावाचा तास असायचा. एकाने चिडलेला ग्राहक व्हायचे, दुसऱ्याने अधिकारी, बाकीच्यांनी बघायचे. आम्ही त्याची टिंगल करायचो. पण तिथल्या एका प्राध्यापकांनी माझी चावीची हकिकत ऐकली आणि तोच प्रसंग उभा केला. मी तिथेही गडबडलो. मग ते म्हणाले, "दोन गोष्टी त्याने एकत्र बांधल्यात. तुम्ही त्या सोडवा. विश्वास आहे म्हणा, आणि चावी देत नाही म्हणा. मध्ये 'पण' घालू नका, कारण देऊ नका." मला ते वाक्य त्यांनी पाच वेळा उभे राहून म्हणायला लावले, आणि दर वेळी समोरचे दोघे जास्त जोरात हसत होते. "विश्वास आहे. चावी देत नाही." पाचव्या वेळी माझा आवाज कापायचा थांबला. पुढे निवृत्तीपर्यंत मी माझी चावी कोणाला दिली नाही, आणि दरवेळी हेच वाक्य वापरले. तेव्हा तालमीवर माझा विश्वास आहे तो अनुभवाचा आहे.

आता आठवीचा वर्ग. पहिली गोष्ट आम्ही ही केली, की प्रसंग लिहायचे काम माझ्याकडून काढून मुलांकडे दिले. भाचीने प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, नाव लिहायचे नाही असे सांगितले आणि विचारले: गेल्या सहा महिन्यांत मित्रमैत्रिणींमुळे मनाविरुद्ध काय केलेस किंवा करता करता राहिलास? चिठ्ठ्या मी वाचल्या तेव्हा माझी बरीचशी कल्पनाशक्ती निरुपयोगी ठरली. सिगारेट फक्त दोनांत होती. बाकीच्यांत होते ते असे: परीक्षेत पेपर तिरका धरायला लावला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एका मुलीचा फोटो फिरत होता, त्यावर सगळ्यांनी हसायचे चित्र टाकले म्हणून मीही टाकले. एकीला गटातून काढायचे ठरले, मी गप्प बसले. मावा. क्लासची फी भरायला दिलेल्या पैशांतून पार्टी. आणि सर्वांत जास्त चिठ्ठ्या होत्या दुचाकीच्या: ट्रिपल सीट, लायसन नाही, यवतेश्वरचा घाट.

दोन चिठ्ठ्या भाचीने वाचताच बाजूला ठेवल्या आणि मला दाखवल्याही नाहीत. असे करावेच लागते. ज्या प्रसंगात मोठ्या माणसाचा हात आहे किंवा मुलाला खरा धोका आहे, तो वर्गात खेळून दाखवायचा नसतो. तिथे मुलाने नाही म्हणायला शिकण्याआधी मोठ्यांनी हालचाल करायची असते.

आम्ही दुचाकीचा प्रसंग घेतला. कायद्याचे ज्ञान मुलांना पुष्कळ होते. पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला सोळा वर्षे लागतात, बाकीच्यांना अठरा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही दोघांनी घडाघडा सांगितले. त्यातला एक जण स्वतः काकांची स्कूटर घेऊन फिरतो, असे नंतर कळले. माहिती नसल्यामुळे मुले घसरत नाहीत.

प्रसंगाची मांडणी साधी. क्लास सुटलाय, साडेसहा वाजलेत. सुमीतजवळ काकाच्या स्कूटरची चावी आहे. सोबत ओंकार. दोघे निखिलला म्हणतात, चल, यवतेश्वरला जाऊन अर्ध्या तासात येऊ. (नावे अर्थातच नाटकातली. वर्गातल्या कुणाचेही खरे नाव वापरायचे नाही आणि कुणालाही स्वतःची भूमिका द्यायची नाही, हा पहिला नियम.) चौघांचा गट, तिघे खेळणार, चौथा बघणार. वेळ दीड मिनिट, त्याहून जास्त नाही. लांबले की नाटक होते.

पहिल्या फेरीत जे झाले ते तिच्या संहितेपेक्षा बरे नव्हते. निखिल झालेल्या मुलाने कारणे द्यायला सुरुवात केली. "आई रागावेल." सुमीत म्हणाला, "तिला सांगतंय कोण?" "गृहपाठ आहे." "माझा घे उतरवून." "तिघे बसलो तर पोलीस पकडतील." "घाटात कुठला आलाय पोलीस?" प्रत्येक कारण म्हणजे दाराला लावलेली एक खुंटी, समोरचा तिला धरून आत येत होता. चौथे कारण संपले तेव्हा निखिल वर्गाकडे बघून हसला आणि खोट्या स्कूटरवर बसला. वर्गाने टाळ्या पिटल्या.

टाळ्या भरीला घालणाऱ्यालाच मिळतात, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी खोट आहे. सुमीत होणारा मुलगा हजरजबाबी असतो, त्याचे संवाद चटकदार होतात, आणि आपण नकळत भरीला घालण्याचा वर्ग चालवू लागतो. दुसऱ्या दिवसापासून भाचीने सुमीतची भूमिका स्वतःकडे घेतली. ओंकार झाली दहावीतली एक मुलगी, तिला आधी अर्धा तास शिकवून. आठवीतल्या मुलांनी तालीम करायची ती फक्त निखिलची. सुमीतची तालीम कुणालाच लागत नाही.

बघणाऱ्या मुलाला तीनच गोष्टी टिपायच्या होत्या. पाय कुठे आहेत? वाक्य किती शब्दांचे? शेवटी आवाज वर जातो की खाली? हे शेवटचे मला बँकेतल्या त्या प्राध्यापकांनी दाखवले होते. "मी येत नाही" हे शेवटी आवाज चढवून म्हटले की त्याचा प्रश्न होतो, "मी येत नाही?" समोरच्याला वाटते, अजून विचारायला जागा आहे. मुलांना हे फार लवकर कळले. पायांचेही तसेच. तोंड नाही म्हणत असताना पाय स्कूटरकडे वळलेले असतात, हे बघणाऱ्या पोरांनी अचूक पकडले.

मग मी त्यांना चावीची गोष्ट सांगितली, वेतनवाढ रोखल्यासकट. वर्ग शांत झाला. आजोबांच्या वयाचा माणूस स्वतःची फजिती सांगतो आहे, हे त्यांना नवीन असावे. एका मुलीने विचारले, "सर, तो कॅशियर पुन्हा बोलला का तुमच्याशी?" बोलला, मी म्हणालो, पण मी त्याच्या घरी जायचे बंद केले. "मग मैत्री तुटलीच की." या पोरीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. चावी देऊनही मैत्री तुटलीच होती.

दुसऱ्या फेरीत निखिलचे काम बदलले. कारण द्यायचे नाही. त्यांनी जे बांधले आहे ते सोडवायचे. "घाबरतोस काय?" "हो, घाटाला घाबरतो. येत नाही." "दोस्त ना आपण?" "दोस्त आहोत. येत नाही." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५ साली नकार देण्यावर पुस्तक लिहिले, त्यात एकच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणण्याच्या या रीतीला त्यांनी अडकलेल्या तबकडीची उपमा दिली. आजच्या मुलांना तबकडी ठाऊक नाही. पण रिक्षा उलटी घेताना वाजणारे तेच ते गाणे त्यांना ठाऊक होते, आणि तेच नाव वर्गात रूढ झाले: "रिव्हर्स मार."

त्यातही एक भर घालावी लागली. नुसते तेच ते म्हणणारा मुलगा यंत्रासारखा वाटतो आणि चेष्टेचा धनी होतो. म्हणून तिसऱ्या नकारानंतर काहीतरी पुढे करायचे: "मी राजवाड्यावर थांबतो, तुम्ही या, भेळ खाऊ." तेराव्या वर्षी मुलाला स्कूटरवर बसायची हौस असते त्याहून जास्त भीती असते ती उद्या बाकावर एकटे बसायची. नकाराच्या मागोमाग संध्याकाळची दुसरी वाट दाखवली, तर ती भीती थोडी उतरते. आणि त्यानंतर जागेवरून हलायचे. बोलून उभा राहिलेला मुलगा पाचव्या मिनिटाला स्कूटरवर असतो.

हे सगळे प्रत्येक मुलाने लागोपाठ दोनदा करायचे. एकदा केले की चुका कळतात, पण शरीराला लागते ती दुसरी वेळ. दुसऱ्या वेळी दडपण थोडे वाढवायचे: आधी नुसते विचारणे, मग चेष्टा, मग "उद्यापासून आमच्यात बसू नकोस." आणि शेवटी भूमिकेतून बाहेर यायचे. निखिलने स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे, सुमीतशी हात मिळवायचा. मला हे आधी पोरकट वाटले होते. पण एका मुलीला चेष्टेचे वाक्य इतके लागले की नाटक संपल्यावरही तिचे डोळे भरलेले होते. त्यानंतर मी हा भाग कधी गाळू दिला नाही.

मग आला तो मावावाला. मागच्या वर्षीचा विजय. आता तो नववीत होता. भाचीने त्याला बोलावून विचारले, रागावून नव्हे, तुझ्या त्या नाटकाचा उपयोग का झाला नाही? त्याने जे सांगितले त्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. तो म्हणाला, "मॅडम, तिथं कुणी विचारलंच नाही." मामेभावाचे लग्न, मांडवामागे पाचसहा पोरे, एकाने मावा मळला, चिमूट घेतली, पुडी पुढे दिली. ती हातोहात फिरत त्याच्या हातात आली. "घे" असे कोणी म्हणाले नाही. 'नाही' म्हणायला आधी प्रश्न तरी हवा ना!

आमचे सगळे प्रसंग प्रश्नापासून सुरू होत होते. खऱ्या आयुष्यात भरीला घालणारा खलनायक क्वचितच असतो. गप्प बसलेली चार माणसे असतात आणि हातात आलेली पुडी असते. माझ्या कॅशियरनेही चावी मागितली ती मदत म्हणून. मला हलवले ते शेजारच्या टेबलावरच्या हसण्याने. मग आम्ही मुकी फेरी सुरू केली. पाच मुले गोल उभी. कागदाची रिकामी पुडी फिरते. कोणी काही बोलायचे नाही. ती तुझ्याकडे आली की काय करशील? पहिल्या दिवशी बारापैकी नऊ जणांनी निदान पुडीत बोटे घातली. खोटी पुडी, रिकामी, शिक्षिका समोर, तरीही. नंतर आम्ही फक्त एवढेच शिकवले: न थांबता पुढच्याच्या हातात द्यायची, आणि देताना दुसरे काहीतरी बोलायचे. "जेवण कधी आहे रे?" हा नकार मोठ्याने कुठे ऐकू येत नाही. पण तो नकारच आहे.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या अमेरिकन संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. पिवळा दिवा लागला की थांबायचे की दामटायची, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी दोन मित्र शेजारी असताना एकटे असतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्यांवर मित्र शेजारी असण्याचा जवळजवळ परिणाम झाला नाही. यातून पालकांनी एक समजून घ्यावे. स्वयंपाकघरात आईसमोर "मी कधीच बसणार नाही" म्हणणारी मुलगी खोटे बोलत नसते. ती तेव्हा एकटी असते, एवढेच. म्हणून तालीम चार जणांसमोरच व्हायला हवी, आणि त्यातले दोघे तरी हसणारे हवेत.

त्याच विचाराने मी भाचीला म्हणालो की आपण भलत्याच भूमिकेची तालीम करून घेतोय. सॉलोमन ॲश यांचा १९५१चा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. रेघांची लांबी ओळखायची. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देतात. डोळ्यांना दिसत असूनही माणसे साधारण एक तृतीयांश वेळा बहुमताबरोबर चुकली. पण त्या खोलीत फक्त एक माणूस खरे उत्तर देणारा बसवला, की चुका चौथ्या हिश्श्याहूनही खाली आल्या. एक माणूस! बँकेने तिजोरीला दोन चाव्या ठेवल्या त्या याच शहाणपणातून, आणि माझ्या शाखेत दुसरा माणूस मीच होतो.

म्हणून पावसाळा संपता संपता आम्ही ओंकारची भूमिका बदलली. सुमीत विचारतो, निखिल म्हणतो "येत नाही", आणि ओंकारने फक्त दोन शब्द म्हणायचे: "मीपण नाही." लाजाळू मुलांना निखिल होणे जड जात होते. पहिला नकार द्यायला खरेच धाडस लागते आणि ते सगळ्यांकडे असतेच असे नाही. पण दुसरा नकार जवळजवळ प्रत्येकाला जमला. त्या डोळे भरलेल्या मुलीनेही "मीपण नाही" इतक्या ठणठणीत आवाजात म्हटले की दहावीतली सुमीत आपले पुढचे वाक्य विसरली.

एवढे सगळे सांगून झाल्यावर, बँकेच्या सवयीने, खात्याची दुसरी बाजूही दाखवायला हवी. नुसत्या नकाराच्या तालमीने फार साधत नाही. विल्यम हॅन्सन आणि जॉन ग्रॅहम यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या शाळांमध्ये दारूबाबत तुलना करून पाहिली. नकाराचे शिक्षण एकटे देऊन फारसा फरक पडला नाही, आणि 'सगळेच पितात' हा मुलांचा गैरसमज दूर केला तिथे पडला. शिवाय एक धोकाही आहे: आठवडाभर नकाराची तालीम घेतली की मुलाला वाटू लागते, बाहेर सगळीकडे हेच चाललेले दिसते, नाहीतर एवढे शिकवले कशाला असते? आपल्याकडे २००४ ते २००६ मध्ये दिल्ली आणि चेन्नईच्या बत्तीस शाळांत 'मैत्री' नावाचा तंबाखूविरोधी प्रकल्प झाला. त्यात दोन वर्षांत कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचे सेवन ६८ टक्क्यांनी वाढले आणि कार्यक्रम असलेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटले. पण तिथे वर्गातल्या मुलांनीच पुढाकार घेतला होता, भित्तिचित्रे होती, घरी पालकांना पत्रे जात होती. श्रेय सगळ्यांत वाटावे लागते.

आम्हीही म्हणून एक मोजणी केली. वर्गाला विचारले, तुमच्यापैकी किती जणांनी रस्त्यावर दुचाकी चालवली असेल? बहुतेकांनी निम्म्याच्या वर आकडा सांगितला. मग बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. सेहेचाळीसपैकी अकरा. फळ्यावर अकरा लिहिल्यावर वर्गात जी चुळबूळ झाली, ती माझ्या कुठल्याही संवादाने झाली नव्हती. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे मलाच वाटत होतं की मीच राहिलोय."

घरी काय करावे, असे पालकसभेत विचारले गेले. भाषण नको, एवढेच मी म्हणालो. जेवताना एखादा प्रसंग उचलावा, आईने किंवा बाबांनी भरीला घालणारा व्हावे आणि मनापासून व्हावे. बहुतेक पालक तीस सेकंदांत भूमिका सोडून उपदेशाला लागतात, हे आम्ही सभेतच करून पाहिले. आणि मुलाला आपल्या नावावर खापर फोडायची मोकळीक द्यावी. "आमचा बाप भयंकर आहे" हे कारण खुंटीच आहे खरे. दोनदा चालते, तिसऱ्यांदा चालत नाही. पण ते दोन वेळाही थोडे नाहीत.

डिसेंबरमध्ये आम्ही तोच वर्ग पुन्हा घेतला, कारण मधल्या काळात हे सगळे पुसट होते. अर्धा तासच. निम्मी मुले पुन्हा कारणे देऊ लागली होती. पाय पुन्हा स्कूटरकडे वळले होते. तास संपल्यावर दोन मुले रेंगाळली. क्लास सुटल्यावर त्यांच्यातल्या तिसऱ्याने खरोखरच स्कूटर आणली होती, मागच्याच आठवड्यात. पहिला म्हणाला, येत नाही. दुसरा म्हणाला, मीपण नाही. "मला खरं तर जायचं होतं, सर," दुसरा मला म्हणाला, "पण तोंडातून तेच निघालं."

आणि तिसरा? मी विचारले.

तो एकटाच जाऊन आला. मजा नाही आली म्हणाला.